वर्ड ते पीडीएफ: कऱ्हाडचा ‘ऱ्ह’ कुठे हरवतो?

कऱ्हाड तालुक्यातल्या एखाद्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा वार्षिक अहवाल डोळ्यांसमोर आणू. ग्रंथपालांनी तो आपल्या लॅपटॉपवर वर्डमध्ये टाइप केला आहे. फॉन्ट कोकिला, आकार 16, एकूण पानं 24. त्यात सभासदांची यादी आहे, पुस्तकखरेदीचा तक्ता आहे, जमाखर्च आहे आणि एका माजी अध्यक्षांचं जुनं मनोगत आहे. ते मनोगत पंधरा वर्षांपूर्वीच्या एका फाइलमधून जसंच्या तसं उचललेलं आहे.

ही फाइल दोन ठिकाणी गेली असं समजू. डीटीपीवाल्यांनी ती आपल्या संगणकावर उघडून पीडीएफ केली, तर 24 पानांची 28 झाली. तक्त्याच्या ओळी पुढच्या पानावर गेल्या आणि अनुक्रमणिकेतले पृष्ठांक चुकीचे ठरले. एका विश्वस्तांनी तीच फाइल फोनवरून कुठल्याशा ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये टाकली. तिथून आलेल्या पीडीएफमध्ये ‘कऱ्हाड’मधलं जोडाक्षर फुटलं, ऱ सुटा झाला, त्याखाली हलन्त उघडा पडला आणि ‘ह’ वेगळा उभा राहिला. माजी अध्यक्षांच्या मनोगताच्या जागी तर दोन्हीकडे इंग्रजी अक्षरांचा निरर्थक सडा पडला.

तिघंही एकच म्हणतील, “पीडीएफ करताना फॉन्ट बिघडला.” प्रत्यक्षात हे तीन वेगवेगळे बिघाड आहेत आणि त्यांपैकी एकही पीडीएफ या प्रकाराचा दोष नाही. पीडीएफ फक्त त्या क्षणी समोर जे दिसत होतं ते पक्कं करते. बिघाड त्याच्या आधीच होऊन गेलेला असतो. तो नेमका कुठे होतो हे कळलं, की उपायही आपोआप कळतो.

फाइलमध्ये फॉन्ट नसतो, फॉन्टचं नाव असतं

वर्डची .docx ही फाइल म्हणजे खरं तर एक झिप फाइल आहे. तिची एक प्रत करून तिच्या नावातलं .docx काढून .zip लिहिलं, की ती उघडून आत डोकावता येतं. आतल्या word नावाच्या फोल्डरमध्ये document.xml ही फाइल असते आणि आपला सगळा मजकूर तिथे असतो. ‘कऱ्हाड’ हा शब्द तिथे साधारण असा दिसतो:

```xml
<w:rFonts w:ascii="Calibri" w:hAnsi="Calibri" w:cs="Kokila"/>
<w:t>कऱ्हाड</w:t>
```

एवढंच. कोकिलाची अक्षरं कशी वळतात, वेलांटी किती उंच जाते, याची कसलीही माहिती इथे नाही. इथे फक्त नाव आहे. देवनागरीसाठीचं नाव cs या जागी लिहिलेलं असतं, तर इंग्रजी अक्षरांसाठीचं नाव ascii आणि hAnsi या जागी. म्हणूनच अनेकदा इंग्रजी मजकूर आणि इंग्रजी आकडे जसेच्या तसे राहतात आणि मराठी तेवढं बदलतं. एकाच ओळीत दोन फॉन्ट नांदत असतात, त्यांपैकी एक समोरच्या संगणकावर असतो आणि दुसरा नसतो.

फाइल उघडणारा संगणक हे नाव वाचतो आणि आपल्याकडे त्या नावाचा फॉन्ट शोधतो. सापडला तर ठीक. नाही सापडला तर तो गप्प राहून दुसरा फॉन्ट लावतो. ताकीद देत नाही, विचारत नाही. गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे वर्डच्या वरच्या पट्टीत फॉन्टचं नाव तरीही ‘Kokila’ असंच दिसत राहतं. पडद्यावर मात्र अक्षरं दुसऱ्याच फॉन्टची असतात. कोणता फॉन्ट कशाऐवजी लागला आहे हे पाहायचं असेल, तर File मधल्या Options मध्ये जाऊन Advanced उघडायचं आणि खाली Show document content या भागातलं Font Substitution बटण दाबायचं. गैरहजर फॉन्ट असतील तर त्यांची यादी तिथे मिळते.

कोकिला तर मायक्रोसॉफ्टचाच फॉन्ट, मग तो डीटीपीवाल्यांच्या विंडोजमध्ये का नव्हता? विंडोज 10 पासून कोकिला, अपराजिता, उत्साह आणि आपल्या सगळ्यांच्या सवयीचा मंगल हे फॉन्ट ‘Devanagari Supplemental Fonts’ नावाच्या ऐच्छिक संचात ठेवले गेले. संगणकावर मराठी किंवा हिंदी भाषा जोडली, की हा संच आपोआप येतो. ग्रंथपालांनी मराठी टायपिंगसाठी ती भाषा जोडली होती, म्हणून त्यांच्याकडे तो होता. डीटीपीवाले त्यांच्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरवर काम करतात, विंडोजमध्ये भाषा जोडण्याची त्यांना गरजच पडली नव्हती. त्यामुळे त्यांच्याकडे देवनागरीसाठी विंडोजचा मूळचा निर्मला यूआय एवढाच फॉन्ट होता. त्यांचं वर्डही 2016 चं, म्हणजे नव्या मायक्रोसॉफ्ट 365 सारखं न सापडलेला फॉन्ट इंटरनेटवरून आणून देणारं नाही.

आता पानं का वाढली तेही पाहू. ‘आकार 16’ म्हटलं म्हणजे सगळ्या फॉन्टमध्ये अक्षर तेवढंच मोठं येतं असं नाही. कोकिला त्याच आकाराला लहान आणि आटोपशीर दिसतो, निर्मला यूआय रुंद आणि ठसठशीत. प्रत्येक अक्षराची रुंदी फॉन्टमध्ये ठरलेली असते आणि दोन ओळींमध्ये किती जागा सुटेल हेही बऱ्याच अंशी फॉन्टच ठरवतो. अक्षरं रुंद झाली की ओळीत कमी शब्द मावतात, ओळींची उंची वाढली की पानात कमी ओळी मावतात, आणि हा फरक पानागणिक साचत जातो. शेवटी चार पानं वाढतात. अनुक्रमणिकेतले आकडे वर्ड स्वतःहून बदलत नाही, ते मुद्दाम अपडेट करावे लागतात. म्हणून अनुक्रमणिका जुन्या पानांची राहते आणि मजकूर नव्या पानांवर जातो.

पीडीएफमध्ये काय वेगळं असतं

पीडीएफ हा प्रकार अडोबी कंपनीने 1993 मध्ये आणला आणि 2008 मध्ये तो आयएसओचं खुलं मानक झाला. त्यामागचा हेतूच हा होता, की पान कुठेही उघडलं तरी सारखं दिसावं. त्यासाठी पीडीएफमध्ये मजकूर वाहता नसतो. कोणता आकार पानावर नेमका कुठे उमटवायचा याच्या सूचना तिथे असतात. ओळ कुठे तुटते, पान कुठे संपतं हे सगळं पीडीएफ करतानाच ठरून गेलेलं असतं.

पण अक्षरांचे आकार आणायचे कुठून? इथेही दोन शक्यता आहेत. एक म्हणजे पीडीएफमध्ये पुन्हा फक्त फॉन्टचं नाव ठेवायचं आणि उघडणाऱ्याने तो आपल्याकडून आणायचा. सुरुवातीच्या काळात टाइम्स, हेल्व्हेटिका, कुरियर अशा चौदा फॉन्टच्या बाबतीत हे सर्रास चालत असे, कारण ते प्रत्येक ठिकाणी उपलब्ध असतील असं गृहीत धरलेलं होतं. त्या चौदांत देवनागरी एकही नाही. म्हणून मराठीच्या बाबतीत हा मार्ग कधीच भरवशाचा नव्हता. दुसरी शक्यता म्हणजे फॉन्टचे आकार पीडीएफच्या पोटातच भरून द्यायचे. यालाच फॉन्ट एम्बेड करणं म्हणतात. मग उघडणाऱ्याकडे कोकिला असो वा नसो, फोन असो वा छापखान्याचा संगणक, आकार फाइलमधूनच येतात.

पूर्ण फॉन्ट भरण्याची गरजही नसते. फॉन्टमध्ये शेकडो आकार असतात, आपल्या अहवालात त्यांतले निम्मेही वापरले गेलेले नसतात. म्हणून बहुतेक प्रोग्राम वापरलेल्या आकारांचाच उपसंच पीडीएफमध्ये ठेवतात. त्यामुळे फाइल फुगत नाही.

वर्डच्या Save As मधून पीडीएफ केली, तर परवानगी असलेले फॉन्ट वर्ड स्वतःच एम्बेड करतं. मग डीटीपीवाल्यांच्या पीडीएफमध्ये काय चुकलं? तिथेही फॉन्ट एम्बेड झालाच होता. फक्त तो निर्मला यूआय होता. चुकीचा फॉन्ट अगदी बरोबर रीतीने एम्बेड झाला. म्हणजे ‘फॉन्ट एम्बेड आहे का?’ एवढंच विचारून भागत नाही, ‘कोणता फॉन्ट एम्बेड आहे?’ हेही पाहावं लागतं.

जोडाक्षर कोण जोडतं?

विश्वस्तांच्या फोनवरचा बिघाड याहून वेगळा आहे आणि मराठीच्या दृष्टीने जास्त गंभीर आहे.

युनिकोडमध्ये ‘ऱ्ह’ असं एक अक्षर नाही. तिथे ऱ, हलन्त आणि ह अशी तीन चिन्हं एकापाठोपाठ ठेवलेली असतात. ‘कि’ लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो, युनिकोडमध्ये मात्र ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर असते. या चिन्हांची रांग वाचून, ‘इथे ऱ आणि हलन्ताच्या जागी अर्धा ऱ काढायचा’, ‘ही वेलांटी अक्षराच्या डावीकडे न्यायची’ असे निर्णय घेणारा एक भाग प्रोग्राममध्ये असावा लागतो. त्याला शेपिंग इंजिन म्हणतात. नियमांची कोष्टकं आणि जोडाक्षरांचे तयार आकार फॉन्टमध्ये असतात, ते वाचून अमलात आणण्याचं काम इंजिन करतं. दोघांपैकी एकही कमी पडलं, की जोडाक्षर सुटं होतं आणि वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते.

पीडीएफ करताना ही सगळी जोडणी त्या प्रोग्रामनेच करायची असते. पीडीएफमध्ये शेवटी जातात ते जोडून झालेले आकार. पीडीएफ उघडणाऱ्या प्रोग्रामला मराठी लिपीचे नियम ठाऊक असण्याची गरज नसते, तो फक्त दिलेले आकार दिलेल्या जागी काढतो. याचा मोठा फायदा असा, की वर्डने नीट जोडलेला ‘ऱ्ह’ जगात कुठेही ‘ऱ्ह’च दिसतो. तोटाही तितकाच मोठा आहे. ज्या कन्व्हर्टरला देवनागरीचं शेपिंग येत नाही, तो सुटी चिन्हं सुटीच पीडीएफमध्ये टाकतो, आणि मग फॉन्ट कितीही व्यवस्थित एम्बेड झालेला असला तरी मोडलेलं अक्षर मोडलेलंच कायम राहतं.

कऱ्हाडे, गोऱ्हे, कुऱ्हाडे ही माणसांची आडनावं आहेत. दऱ्या, कैऱ्या, वाऱ्यावर हे आपले रोजचे शब्द आहेत. हा अर्धा ऱ मराठीची खास गरज आहे आणि हिंदीपुरती चाचणी घेऊन बाजारात आलेल्या साधनात तो सहज दुर्लक्षिला जातो. सभासदाचं नाव त्याच्याच वाचनालयाच्या अहवालात फुटलेलं छापलं जाणं हा त्या माणसाचा अवमान आहे, आणि तो टाळणं पूर्णपणे आपल्या हातात आहे. पीडीएफ हाती आल्यावर Ctrl+F मध्ये शोधत बसू नका. जोडाक्षरं असलेली नावं, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासा.

इंग्रजी अक्षरांचा सडा

माजी अध्यक्षांच्या मनोगताची गोष्ट युनिकोडच्या बाहेरची आहे. कृतिदेव किंवा तशा जुन्या फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. फाइलमध्ये असतं `ejkBh`. फॉन्टने e या इंग्रजी अक्षराच्या जागी ‘म’चा आकार ठेवलेला असतो, j च्या जागी ‘र’, k च्या जागी काना, B च्या जागी ‘ठ’ आणि h च्या जागी दीर्घ वेलांटी. फॉन्ट हजर असेपर्यंत मराठी दिसतं, फॉन्ट गेला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोड मजकुराचा फॉन्ट हरवला तर निदान दुसरा देवनागरी फॉन्ट लागतो आणि वाचता येतं. इथे तीही सोय नाही.

असा मजकूर ज्या संगणकावर तो फॉन्ट आहे तिथेच पीडीएफ करून एम्बेड केला, तर दिसण्यापुरता तो सुरक्षित होतो. पण त्या पीडीएफमधून कॉपी केलं तर हातात `ejkBh` च येतं. शोधताही येत नाही आणि दृष्टिहीन वाचकांसाठीचं वाचक-सॉफ्टवेअरही तो वाचू शकत नाही. एम्बेड केल्याने रूप टिकतं, मजकूर नव्हे. म्हणून असा जुना मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून, मुद्रितशोधन करून मगच नव्या अहवालात घ्यावा.

मग करायचं काय?

पहिला आणि सर्वांत भरवशाचा नियम हा, की पीडीएफ तिथेच करावी जिथे दस्तऐवज टाइप झाला आणि जिथे तो फॉन्ट खरोखर आहे. ग्रंथपालांनी आपल्याच लॅपटॉपवर Save As मधून PDF निवडून फाइल केली असती, तर तिन्ही ठिकाणी 24 च पानं दिसली असती. सेव्ह करताना Options मध्ये PDF/A compliant हा पर्याय निवडला तर आणखी चांगलं. पीडीएफ/ए हे दीर्घकाळ जतन करायच्या कागदपत्रांसाठीचं मानक आहे आणि वापरलेले सगळे फॉन्ट एम्बेड असणं ही त्याची अटच आहे. मॅकवरच्या वर्डमध्ये मात्र एक गोष्ट लक्षात ठेवायची. तिथे ऑनलाइन सेवेचा वापर करणारा पर्याय निवडला, तर रूपांतर मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर होतं आणि तुम्ही स्वतः बसवलेला फॉन्ट तिथे नसतो. अशा वेळी Best for printing हा पर्याय घ्यावा.

दुसरी परिस्थिती अशी, की डीटीपीवाल्यांना दुरुस्त्या करायच्या आहेत, म्हणून वर्ड फाइलच द्यावी लागणार आहे. मग फॉन्ट वर्ड फाइलमध्येच एम्बेड करायचा. विंडोजवर File, Options, Save असं गेल्यावर तळाशी Embed fonts in the file हा चौकोन दिसतो. तो निवडायचा. त्याखाली आणखी दोन चौकोन असतात. Embed only the characters used in the document निवडला तर फाइल लहान राहते, पण समोरच्याला नवीन अक्षर टाइप करायचं झालं तर ते त्या फॉन्टमध्ये मिळणार नाही. दुरुस्ती अपेक्षित असेल तर तो रिकामा ठेवावा. Do not embed common system fonts हाही रिकामा ठेवावा, कारण आपल्या दृष्टीने ‘नेहमीचा’ असलेला फॉन्ट समोर असेलच असं नाही, हे आपण कोकिलाच्या बाबतीत पाहिलं. मग फाइल सेव्ह करायची. खात्री हवी असेल तर तिची झिप करून आत पाहा. word फोल्डरमध्ये आता fonts नावाचा नवा फोल्डर आलेला असतो आणि त्यात .odttf या शेपटाच्या फाइली असतात. तो फोल्डर नसेल तर एम्बेडिंग झालेलं नाही.

न होण्याचं एक कारण परवाना असू शकतं. फॉन्ट बनवणारा फॉन्टच्या आतच एक खूण ठेवतो, की तो एम्बेड करू द्यायचा की नाही, आणि दिला तर फक्त पाहण्या-छापण्यासाठी की संपादनासाठीही. विंडोजच्या Fonts फोल्डरमध्ये फॉन्टच्या माहितीत Font embeddability या नावाखाली ते दिसतं. Installable किंवा Editable असेल तर अडचण नाही. Print/Preview असेल तर समोरच्याला तो फॉन्ट पाहता-छापता येईल, संपादन करता येणार नाही. Restricted असेल तर वर्ड तो एम्बेड करत नाही. अशा वेळी पीडीएफ करताना वर्ड तो मजकूर चित्राच्या रूपात टाकू शकतं. पान मोठं करून पाहिल्यावर अक्षरांच्या कडा धूसर दिसल्या आणि मजकूर निवडताच आला नाही, तर हेच झालेलं असतं. काही .otf फॉन्टही वर्ड फाइलमध्ये नीट एम्बेड होत नाहीत. त्याच फॉन्टची .ttf आवृत्ती मिळत असेल तर ती वापरावी. आणि समोरचा माणूस फाइल गूगल डॉक्समध्ये उघडणार असेल, तर वर्डमध्ये भरलेल्या फॉन्टचा तिथे उपयोग होत नाही.

तिसरी गोष्ट तपासणीची, आणि तिला मिनिटभरही लागत नाही. पीडीएफ ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडून शेवटच्या पानापर्यंत जा, मग Ctrl+D दाबा आणि Fonts हा भाग पाहा. तिथे `Kokila (Embedded Subset)` असं दिसलं तर काम झालं. नाव कोकिला पण पुढे Embedded नाही, तर फॉन्ट भरलेलाच नाही आणि दुसरीकडे तो बदलणार. Embedded आहे पण नाव `Nirmala UI`, तर अदलाबदल पीडीएफ होण्याआधीच झाली आहे आणि योग्य संगणकावरून पुन्हा पीडीएफ करावी लागेल. नाव बरोबर, Embedded ही आहे, तरी ‘ऱ्ह’ फुटलेला आहे, तर दोष कन्व्हर्टरच्या शेपिंगचा, म्हणून साधनच बदलायचं.

छापखान्याकडे अहवाल द्यायचा असेल तर या तपासणीतून गेलेली पीडीएफ द्यावी, आणि दुरुस्त्यांसाठी वर्ड फाइल द्यावी लागलीच तर फॉन्ट भरून, सोबत ही पीडीएफ जोडून द्यावी. मग डीटीपीवाल्यांच्या पडद्यावर पान वेगळं दिसलं, तर ते कसं दिसायला हवं होतं याचा पुरावा त्यांच्या हातात असतो आणि चार पानं का वाढली हे छपाईआधीच विचारता येतं.